सणाच्या ऑर्डरी कधी बंद करायच्या? तारीख कॅलेंडरवरून नाही, हातशिलाईवरून काढा

बहुतेक टेलर ऑर्डर बंदची तारीख कशी ठरवतात तर मागच्या वर्षी पंधरा दिवस आधी बंद केल्या होत्या म्हणून याही वर्षी पंधरा, किंवा शेजारच्या दुकानात पाटी लागली म्हणून आपणही लावायची. मीसुद्धा बरीच वर्षं तेच केलं. मग एका सीझनला वाटलं की माणूस वाढवला की काम वाढेल, म्हणून दोन मशीन कारागीर होते तिथे तिसरा घेतला, जास्तीच्या ऑर्डरी घेतल्या, आणि सणाच्या तीन दिवस आधी दुकानात चाळीसेक ब्लाउज हँगरला लटकलेले, मशीनची शिलाई सगळी झालेली पण एकालाही हुक नाही, तुरपाई नाही. तिसरा कारागीर रिकामा बसलेला आणि मी, बहीण, आणि हुक लावणाऱ्या ताई रात्री तीनपर्यंत सुई घेऊन बसलेलो. त्या रात्री डोक्यात पडलेला उजेड म्हणजे हा लेख.

एकच गोष्ट सांगायचीय. तुमच्या दुकानात कामाची एक जागा अशी असते जिथे माल अडतो, तिथून दिवसाला जेवढे पीस सुटतात तेवढीच तुमच्या दुकानाची ताकद, बाकीच्या जागा कितीही पळोत. ऑर्डर बंदची तारीख त्या जागेवरून काढायची. कशी ते आता एक पूर्ण उदाहरण घेऊन आकड्यांसकट करू. आकडे माझ्या पद्धतीच्या दुकानाचे धरलेत, तुमचे वेगळे येतील, रीत तीच राहील.

आधी घड्याळ लावा

सीझन सुरू व्हायच्या महिनाभर आधी, काम निवांत असताना, प्रत्येक प्रकारचे चार-पाच पीस घड्याळ लावून बघा. आणि एकूण वेळ नाही बघायचा, तीन जागांचा वेगवेगळा बघायचा: कटिंग, मशीन, आणि हातशिलाई. हातशिलाईत हुक, तुरपाई, काज-बटण, दोरी-लटकन, जादाचे दोरे कापणं आणि शेवटची इस्त्री हे सगळं धरा. इस्त्री लोक हमखास विसरतात, आणि ती पण त्याच बाईंच्या गळ्यात असते ज्या हुक लावतात.

पाच पिसांत जो सगळ्यात झटपट झाला तो आकडा धरू नका, मधला धरा. झटपट झालेला पीस हा आपल्याला आवडणारा पीस असतो, कापड सुती, माप सरळ, कारागीर फ्रेश. सीझनमध्ये असे पीस फार वाट्याला येत नाहीत, घसरणारं कापड आणि "पाठीला थोडं खोल पण फार नाही" असलेच जास्त येतात.

माझ्याकडे आकडे असे आले. साधा बिनअस्तराचा ब्लाउज: कटिंग 15 मिनिटं, मशीन 60, हातशिलाई 25. अस्तरचा: कटिंग 25, मशीन 100, हातशिलाई 40. डिझायनर म्हणजे पॅड, पायपिंग, लेस, दोरी-लटकन असलं सगळं: कटिंग 45, मशीन 200, हातशिलाई 90.

आता मागच्या सीझनचं बिलबुक काढा आणि दहा पिसांत कुठले किती होते बघा. माझ्याकडे दहात साधारण 4 साधे, 5 अस्तरचे आणि 1 डिझायनर निघतो. तसं धरून दहा पिसांना हातशिलाई किती लागते बघा: 4 गुणिले 25 म्हणजे 100, 5 गुणिले 40 म्हणजे 200, आणि एका डिझायनरचे 90, एकूण 390. म्हणजे एका पिसाला सरासरी 39 मिनिटं. मशीनचं असंच केलं तर सरासरी 94 येतं, कटिंगचं 23.

मग माणसांची खरी मिनिटं

दुकान दहा तास उघडं असतं म्हणून कोणी दहा तास काम करत नाही. मी कटिंग करतो पण मापं पण मीच घेतो, ट्रायल मीच बघतो, फोन पण मलाच येतात, त्यामुळे कात्री प्रत्यक्षात चार तास चालते, 240 मिनिटं. दोन मशीन कारागीर, प्रत्येकी सात तास खरी शिलाई, बाकी वेळ दोरा बदलणं, बॉबिन भरणं, उसवणं, चहा. दोघांचे मिळून 840 मिनिटं. हातशिलाईच्या ताई घरचं आवरून येतात, त्यांचे साडेचार तास, 270 मिनिटं.

आता भागाकार. कटिंग 240 भागिले 23, दिवसाला दहा पीस. मशीन 840 भागिले 94, जेमतेम नऊ. हातशिलाई 270 भागिले 39, सात पण पूर्ण नाही.

झालं, अडण्याची जागा सापडली. मशीन नऊ पीस काढतंय आणि ताई सात, रोज दोन पीस हँगरवर साचतात, वीस दिवसांत चाळीस. माझे ते चाळीस ब्लाउज कुठून आले ते इथे कळतं! आणि मी त्यावर तिसरा मशीन कारागीर बसवला होता, म्हणजे आधीच तुंबलेल्या मोरीत अजून एक नळ सोडला.

तुमच्याकडे अडण्याची जागा दुसरी असू शकते. एकट्याने चालवायच्या दुकानात ती बहुतेक वेळा मालकाची कात्री असते, कारण गिऱ्हाईक वाढलं की मापं आणि गप्पा वाढतात आणि नेमका कटिंगचा वेळ आटतो. आकडे काढल्याशिवाय अंदाजाने सांगू नका, माझा अंदाज बरीच वर्षं चुकलेला होता.

सगळी मिनिटं विकू नका

270 मिनिटं आहेत म्हणून 270 मिनिटांच्या ऑर्डरी घ्यायच्या नाहीत. एखाद्या दिवशी ताईंचं मूल आजारी पडणार, एखाद्या दिवशी लाईट जाणार, एखादा पीस ट्रायलला येऊन परत उसवणार. मी शंभरातले 85 धरतो, म्हणजे दिवसाला 230 मिनिटं. ज्याच्याकडे कारागीर नवीन आहेत त्याने 75 धरावेत, नवीन हाताचे पीस परत येतात.

उलटी मोजणी

समजा सण 30 तारखेला आहे. 25 ते 29 हे पाच दिवस मी नवीन शिलाईला लावतच नाही, ते द्यायला आणि फिटिंग सुधारायला. कारण गिऱ्हाईक घालून बघतं ते घरी नेल्यावर, आणि काख घट्ट आहे हे त्याला दुसऱ्या दिवशी कळतं. म्हणजे शिलाईचा शेवटचा दिवस 24.

1 ते 24 मध्ये माझ्या साप्ताहिक सुट्ट्या 7, 14, 21 ला येतात असं धरू. राहिले 21 दिवस. 21 गुणिले 230, एकूण 4830 मिनिटं हातशिलाई. हा माझा अख्खा सीझन, यात जे बसेल तेच.

यातून पहिल्यांदा जुनी बाकी वजा करायची. 1 तारखेला दुकानात आधीचे 25 पीस पडलेले असतील तर त्यांची 975 मिनिटं आधीच गेली. राहिली 3855, त्यात 39 मिनिटांचे 98 पीस बसतात. बरेच जण ही जुनी बाकी धरतच नाहीत, सीझनचा हिशोब कोऱ्या पाटीवर मांडतात आणि पहिला आठवडा मागचंच फेडण्यात जातो.

म्हणजे 98 पीस झाले की पुस्तक बंद, तारीख कुठलीही असो. पाटीवर लिहायची तारीख हा फक्त अंदाज आहे, की हे 98 साधारण कधी भरतील. हे मनात पक्कं बसू द्या कारण गोंधळ इथेच होतो. "15 पर्यंत ऑर्डर घेऊ" असं लिहिलं आणि 11 लाच मिनिटं संपली, तर 12 ते 15 मध्ये घेतलेली प्रत्येक ऑर्डर म्हणजे 28 तारखेचं भांडण आजच विकत घेणं.

रोज संध्याकाळी दोन मिनिटांचा हिशोब

बिलबुकात प्रत्येक ऑर्डरपुढे एक आकडा लिहायचा, हातशिलाईची मिनिटं. साधा 25, अस्तरचा 40, डिझायनर 90. पीस मोजू नका, मिनिटं मोजा, कारण एक डिझायनर घेतला की त्यात तीन साध्यांपेक्षा जास्त जागा जाते आणि पिसांच्या मोजणीत तो एकच दिसतो. रोज संध्याकाळी जे अजून झालेलं नाही त्याच्या मिनिटांची बेरीज करायची आणि 230 ने भागायचं. जे उत्तर येईल तेवढे कामाचे दिवस पुढचे बुक आहेत.

मोबाईलवर शीट ठेवत असाल तर D कॉलममध्ये बाकी पिसांची मिनिटं भरा, पीस झाला की त्याचा आकडा पुसा, आणि एका बाजूच्या सेलमध्ये हे टाका:

```
=ROUNDUP(SUM(D2:D200)/230,0)
```

वही असली तरी काही बिघडत नाही, मी अजून वहीतच करतो.

आता 10 तारीख संध्याकाळ घेऊ. समजा तोपर्यंत नवीन 75 पीस आलेत आणि बाकी हातशिलाई 1840 मिनिटं आहे. 1840 भागिले 230, बरोबर 8 दिवस. 11, 12, 13, मग 14 सुट्टी, 15, 16, 17, 18, 19. म्हणजे आज जे हातात आहे तेच 19 च्या संध्याकाळी संपणार. आत्ता दारात आलेल्या बाईंचा अस्तरचा ब्लाउज 20 च्या आधी होणार नाही, 21 ला सुट्टी, म्हणून त्यांना ट्रायलची तारीख 22 सांगायची. त्या म्हणतील एवढा उशीर, एक ब्लाउजच तर आहे. हो, एकच आहे, पण तो रांगेत शेवटी आहे.

19 नंतर 24 पर्यंत उरतात 20, 22, 23, 24 हे चार दिवस, 920 मिनिटं, 23 पीस. यातले 8 मी बाजूला ठेवतो, त्याचं पुढे सांगतो. राहिले 15. त्या आठवड्यात रोज साताठ पीस येतायत, म्हणजे दोन दिवस. म्हणून 10 ला रात्री पाटी लिहायची: सणाच्या ऑर्डरी 12 तारखेपर्यंत. दोन दिवस आधी पाटी लागल्याने गर्दी अजून वाढते हेही धरून चाला, 12 च्या दुपारीच 15 भरले तर दुपारीच बंद. पाटीवर म्हणूनच "12 पर्यंत किंवा जागा असेपर्यंत" असं लिहा, वाद कमी होतात.

आता गंमत बघा. अंगावरच्या अंदाजाने मी काय केलं असतं, साधा ब्लाउज तर दोन-तीन दिवसात होतो, मग 20 पर्यंत घेऊ की. पीस शिवायला तास-दीड तास लागतो हे खरं, पण त्याचा नंबर लागायला आठ दिवस लागतात. शिवायचा वेळ आणि थांबायचा वेळ यातला फरक न केल्यामुळे आपल्या धंद्यात इतक्या खोट्या तारखा द्यायची सवय लागलीय, आपण खोटारडे आहोत म्हणून नाही.

एक तारीख पुरत नाही

जे काम दुकानाबाहेर जातं त्याची तारीख वेगळी आणि बरीच आधी. आरी वर्क, भरतकाम, डाय करणं, कापडाची बटणं बनवून आणणं, काहीही. समजा आरीवाला म्हणतो आठ दिवसात देतो. मी दहा धरतो, कारण सीझन त्याचाही आहे आणि माझ्यासारखे दहा टेलर त्याच्याकडे पिशव्या ठेवून आलेत. काम परत आल्यावर कटिंग, शिलाई, ट्रायल, सुधारणा याला पाच दिवस. 24 मधून 5 गेले, 19. 19 मधून 10 गेले, 9. दोन दिवस जादा ठेवले, 7. 7 ला सुट्टी, म्हणून वर्कच्या ऑर्डरी 6 ला बंद. म्हणजे साध्या ऑर्डरींच्या सहा दिवस आधी.

आणि आरीवाल्याला विचारून घ्या की तो त्याचं पुस्तक कधी बंद करतोय. त्याने 4 ला बंद केलं तर माझी 6 तारीख कागदावरच राहते.

दुसरा प्रकार म्हणजे पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक. ज्यांचं माप आणि पेपर कटिंग आपल्याकडे आहे त्यांचा पीस बहुतेक एका ट्रायलमध्ये बसतो, नवीन माणसाला दोन लागू शकतात. म्हणून नवीन गिऱ्हाईकांचं पुस्तक मी दोन-तीन दिवस आधी थांबवतो. काहींना हे उलटं वाटेल, नवीन गिऱ्हाईक परत पाठवायचं? पण घाईत बिघडवून दिलेला पहिला ब्लाउज घेऊन गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाहीच, त्यापेक्षा सण झाल्यावर या, नीट माप घेऊन शिवतो असं सांगितलेलं बरं. त्यांच्यातले काही खरंच येतात.

ऑर्डर कधी धरायची

कापड काउंटरवर आलं म्हणजे ऑर्डर आली असं नाही. अस्तर आणलं नाही, नमुन्याचा ब्लाउज उद्या देते, लेस अजून ठरायचीय, गळ्याचा फोटो रात्री पाठवते. असा पीस रांगेत धरला की त्याचा नंबर येतो तेव्हा पिशवी अर्धी असते, कात्री थांबते, आणि मग तो पीस बाजूला ठेवून दुसरा शोधण्यात अर्धा तास जातो. माझा नियम असा की कापड, अस्तर, नमुना, गळ्याची पक्की डिझाईन आणि ॲडव्हान्स हे पाच एका पिशवीत आले की त्या दिवसापासून नंबर. पावतीवर तसं लिहूनच देतो, "सामान पूर्ण: तारीख अमुक". ती जागा कोरी असेल तर द्यायची तारीखही कोरी.

सुती अस्तर भिजवून वाळवून मगच कापायचं असतं, नाहीतर पहिल्या धुण्यात आतून आटतं आणि ब्लाउज चुण्या धरतो. घाईत हा एक दिवस खाल्ला जातो. त्यावर सोपा उपाय म्हणजे सीझनच्या आधी नेहमी लागणाऱ्या रंगांची अस्तरं एकदम आणून, भिजवून, इस्त्री करून घडी घालून ठेवायची. दोऱ्यांचं पण तसंच. मशीनला तेल, सुया, बेल्ट हे सगळं महिन्याच्या सुरुवातीलाच बघून घ्या, 20 तारखेला मिस्त्री फोन उचलत नाही.

माप घेताना अजून एक प्रश्न नक्की विचारा, "घालायचा कधी आहे?" सगळ्यांना सणाच्या दिवशीच लागतो असं आपणच धरतो. पाच ब्लाउज टाकणाऱ्या बाईंना सणाला एकच घालायचा असतो, बाकी चार नंतर चालतात, पण विचारलं नाही तर पाचही रांगेत घुसतात. या एका प्रश्नाने माझी बरीच मिनिटं सुटतात, माणूस न वाढवता. पाचातला एक आधी, चार सणानंतरच्या तारखेला, दोन वेगळ्या पावत्या.

माणूस वाढवायचा असेल तर कुठे आणि किती

आता परत त्या भागाकाराकडे. 85 टक्क्यांनी धरलं तर मशीनची 714 मिनिटं होतात, त्यातून दिवसाला साडेसात पीस निघतात. हातशिलाईच्या 230 मधून सहाच्या आत. म्हणजे मशीनच्या वेगाला पोचायला हातशिलाईला रोज 296 मिनिटं पाहिजेत आणि आहेत 230. फरक 66 मिनिटांचा! पूर्ण दिवसाची बाई नकोच आहे, कोणी रोज सव्वा-दीड तास येऊन हुक आणि तुरपाई केली तरी दिवसाला दीडेक पीस वाढतो. पूर्ण वेळ माणूस घेतला तरी फायदा तेवढाच, कारण मग मशीन अडतं. तेव्हा मग मशीन कारागीर घ्यायचा विचार करा, आणि तो घेतला की थोड्याच वेळात माझी कात्री अडेल, नऊच्या आसपास.

हातशिलाईतलं थोडं काम मशीनकडे ढकलता येतं का तेही बघा. आतून न दिसणाऱ्या जागी, जिथे गिऱ्हाईक हाताची तुरपाई मागत नाही, तिथे मशीनची बारीक शिलाई चालते. पण मशीनकडे जागा असेल तरच, आणि तलम कापडावर नको, टिपा वर दिसतात.

नवीन माणूस सीझनच्या मध्यात घेऊ नका. पहिले चार-पाच दिवस त्याला दाखवण्यात तुमची मिनिटं जातात, आणि तुमची कात्री चारच तास चालते हे विसरू नका. घ्यायचा तर पहिल्या तारखेच्या आधी घ्या, जुन्या बाकीवर हात बसू दे.

ते राखीव 8

हे 8 पीस म्हणजे 312 मिनिटं. यातले दोन-तीन आपल्याच चुकीसाठी, कापड कमी पडलं, बाही उलटी लागली, परत कापून शिवायला लागलं. दोन-तीन जुन्या गिऱ्हाईकांसाठी, ज्यांना नाही म्हणणं आपल्याला जमणारच नाही, कबूल करून टाका. उरलेले अर्जंटसाठी. अर्जंटचा दर जास्त घ्या, पण महत्त्वाचं हे की अर्जंट फक्त या राखीवमधून. ते संपले की जास्त पैसे देतो म्हटलं तरी नाही, कारण मग तो पीस आधी पैसे भरून गेलेल्या कोणाचा तरी नंबर ढकलूनच आत येतो.

नाही म्हणायचं वाक्य तयार ठेवा, नाहीतर तोंडातून "बघतो" निघतं. "बघतो" हा शब्द गिऱ्हाईक "हो" असाच ऐकतो. मी म्हणतो, "ताई, सणाआधी शक्य नाही, कापड ठेवून जाऊ नका, सणानंतर पाचव्या दिवशी पहिला नंबर तुमचा लिहू का?" कापड ठेवून जाऊ न देणं फार गरजेचं आहे. कापड दुकानात राहिलं की फोन सुरू होतात.

मध्येच गाडी घसरतेय हे कसं ओळखायचं

रोज संध्याकाळी तीन ढीग बघा: कापलेले पण न शिवलेले, शिवलेले पण हुक राहिलेले, आणि तयार. मधला ढीग बाराच्या वर गेला म्हणजे दोन दिवसांची हातशिलाई तुंबली. तेव्हा मशीनवाल्यांना नवीन कटिंग देऊ नका, त्यातल्या एकाला तासभर हुक लावायला बसवा. कारागीर नाराज होतात, मशीनवाल्याला सुईकाम कमीपणाचं वाटतं, पण पीसवर पैसे असतील तर त्या तासाचे वेगळे ठरवून द्या, मग बसतात. कटिंग पण गिऱ्हाईकाच्या फोनप्रमाणे न करता पावतीच्या तारखेप्रमाणे करा. एका तारखेचे, एका रंगाचे पीस एकत्र दिले की दोरा बदलण्यात वेळ जात नाही, पण त्या नादात 24 ला द्यायचा पीस 17 ला द्यायच्या पिसाआधी कापू नका.

पक्की तपासणी 15 तारखेला. 15 च्या संध्याकाळनंतर 24 पर्यंत 8 दिवस उरतात, 1840 मिनिटं. 12 ला बंद केलेल्या पुस्तकाप्रमाणे तुमची बाकी 1530 च्या आसपास पाहिजे, मधला फरक म्हणजे ते राखीव. बाकी 1840 च्या वर असेल तर तुम्ही मागे आहात, आणि जागून ते भरून निघेल असं समजू नका, रात्री अकरानंतर लावलेले हुक सकाळी वाकडे दिसतात. त्याच दिवशी पुस्तक उघडा, ज्यांनी "नंतर चालेल" असं म्हटलं होतं किंवा ज्यांचे तीन-चार पीस आहेत त्यांना फोन करा, एक आधी देतो, बाकी सणानंतर, चालेल का? 15 ला केलेल्या फोनवर बहुतेक लोक हो म्हणतात. तोच फोन 28 ला केला तर काय ऐकायला मिळतं ते सांगायला नको.

25 पासून दुकानात फक्त ट्रायल, सुधारणा आणि देणं. यासाठी शिवतानाच बाजूला भरपूर माया ठेवलेली असली पाहिजे, नाहीतर सैल करायला कापडच नसतं. ट्रायलच्या वेळा वाटून द्या, सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ, मधल्या वेळात उसवायचं आणि शिवायचं. आणि या पाच दिवसांत घेतलेली सुधारणा त्याच पिशवीत, त्याच पावतीला टाचणीने चिठ्ठी लावून, "काख अर्धा इंच सैल" असं लिहून, कारण 27 तारखेला तोंडी सांगितलेलं कोणाच्याच लक्षात राहत नाही.